जुईला सायकल आली, ती कशी?

आठ वर्षांच्या मुलाला सायकलची गोष्ट सांगताना आपण घाईने शेवट गाठतो. ती पडली, उठली, पुन्हा पडली आणि एके दिवशी तिला सायकल आली. ऐकणारं मूल मात्र विचारतं, "पण आली कशी?" याचं उत्तर गोष्टीतच हवं आणि ते खरं हवं. उद्या ते मूल तसंच करून बघणार असतं. म्हणून ही गोष्ट अशी सांगता येईल:

जुई रोज पडायची. बाबा कॅरिअर धरून मागे धावायचे, तोवर सायकल झकास चालायची. बाबांनी हात सोडला की जुई धप्पकन खाली!

"आत्या, मी पडतेच का गं?"

"सायकल डावीकडे कलली की हँडल कुठे वळवतेस?"

"उजवीकडे!"

"आता डावीकडे वळवून बघ."

"पडतेय त्याच बाजूला?" जुईला काही पटेना.

आत्याने पाना घेऊन सायकलची दोन्ही पायडलं काढली. सीट इतकी खाली घेतली की जुईचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले. मग दोघी मैदानातल्या हलक्या उतारावर गेल्या. जुईने पायांनी जमीन ढकलली आणि पाय उचलले. सायकल डावीकडे कलली. जुईने हँडल जरासं डावीकडे वळवलं, आणि सायकल सरळ झाली!

"चाकाकडे नको, समोरच्या झाडाकडे बघ," आत्या म्हणाली.

पाय न टेकवता जुई उताराच्या शेवटापर्यंत जाऊ लागली, तेव्हा आत्याने पायडलं परत बसवली. जुईने एक पायडल वर आणून जोरात दाबलं आणि ती निघाली.

गोष्ट सांगून झाली की मूल "असं का?" विचारेलच. सायकल डावीकडे कलते तेव्हा आपलं वजन चाकांच्या डावीकडे गेलेलं असतं. हँडल तिकडेच वळवलं की चाकं त्या वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. घाबरून उलट वळवलं, तर चाकं आणखी दूर जातात आणि आपण पडतो. बाबा कॅरिअर धरतात तेव्हा तोल त्यांचेच हात सांभाळतात, त्यामुळे जुईच्या हातांना हे शिकायला वावच मिळत नाही. पायडलं काढल्यावर मात्र तिला फक्त तोलाकडे लक्ष द्यायचं असतं.

घरी हे करून बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. उतार हलका आणि गवताचा निवडावा, आणि ब्रेक आधी तपासून घ्यावा.

"त्यानंतर जुई कधीच पडली नाही" असा शेवट मात्र करू नये, कारण तो खोटा ठरतो. मैदानाच्या वळणावर जुई पुन्हा पडली. धूळ झटकून ती ओरडली, "आत्या, कळलं! मी हँडल उशिरा वळवलं!"