काढ्याने पाळी ‘आली’, पण ती पाळीच होती का?

तारीख उलटून चार-पाच दिवस झाले की घरातल्या बायकांची कुजबुज सुरू होते. कुणी ओवा आणि गूळ उकळून प्यायला सांगतं, कुणी तीळ-गूळ खायला घालतं, कुणी शेपा, सुंठ किंवा दालचिनीचा काढा करतं, तर कुणी कच्च्या पपईची भाजी पुढे करतं. ‘उष्ण पडतं, त्यामुळे पाळी मोकळी होते,’ एवढंच त्यामागचं कारण. आणि पुष्कळदा दोन-तीन दिवसांत पाळी येतेही. म्हणून तर हे उपाय आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे चालत आले आहेत.

ती येते कशी, हे समजून घेण्यासाठी महिन्याचा हिशेब मांडायला हवा. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की त्याच्या जागी एक छोटी ग्रंथी तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवू लागते. त्याच्या आधारावर गर्भाशयाचं आतलं अस्तर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत ती ग्रंथी सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तर सुटून वाहू लागतं. ही पाळी. बीज बाहेर पडल्यापासून पाळीपर्यंतचे हे दोन आठवडे फारसे हलत नाहीत. लांबतो तो त्याआधीचा काळ. ताप येऊन गेला, परीक्षेचा ताण आला, रात्रपाळी लागली, वजन झपाट्याने वाढलं किंवा घटलं, की बीज बाहेर पडायलाच उशीर होतो.

समजा, एखादीची पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते. यंदा आजारपणामुळे बीज चौदाव्या दिवसाऐवजी एकविसाव्या दिवशी सुटलं. मग पाळी पस्तिसाव्या दिवशी येणार, हे तेव्हाच ठरून गेलं. ती बत्तिसाव्या दिवशी ओव्याचा काढा सुरू करते आणि पस्तिसाव्या दिवशी पाळी येते. श्रेय जातं काढ्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. गुळात किंवा ओव्यात ती ग्रंथी सुकवणारं काहीही नाही, आणि ती सुकल्याशिवाय अस्तर सुटत नाही.

असा निरुपद्रवी योगायोग झाला तर बिघडत काहीच नाही. ओव्याचा एक पेला आणि गुळाचा खडा पोटात गेल्याने कुणाला इजा होत नाही. धोका असतो तो रक्त दिसलं, पण पाळी आलेली नाही, अशा वेळी.

एक उदाहरण तारखांसह पाहू. शेवटची पाळी 8 मे रोजी सुरू झाली, म्हणून पुढची 5 जूनला अपेक्षित. ती आली नाही. गरोदर असण्याची शंका आहे, पण तपासायची भीती वाटते, म्हणून काढा सुरू होतो. 13 जूनला थोडंसं तपकिरी रक्त दिसतं, दोन दिवस डाग लागतात आणि थांबतात. ‘आली एकदाची’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. प्रत्यक्षात गर्भ गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजलेला आहे आणि तिथूनच हे डाग लागत आहेत. नलिका गर्भाला पुरण्याइतकी ताणत नाही. 24 जूनला, म्हणजे सातव्या आठवड्यात, ती फुटते. ओटीपोटात एका बाजूला असह्य कळ येते, चक्कर येते आणि कधीकधी खांद्याच्या टोकाशीही दुखतं, कारण पोटात साठलेलं रक्त पडद्याला टोचतं. बाहेर रक्त थोडंच दिसत असतं, आत मात्र जिवावर बेतलेलं असतं. शंभर गरोदरपणांपैकी एक-दोन असे नलिकेत किंवा अन्यत्र रुजतात. डाग लागल्यावर त्याच वेळी तपासणी झाली असती, तर बऱ्याचदा नलिका फुटण्याआधीच इलाज झाला असता. काढ्याने नलिका फोडली नाही, त्याने फक्त तपासणीचे अकरा दिवस खाऊन टाकले.

गर्भ गर्भाशयात असला तरी सुरुवातीच्या आठवड्यांत डाग लागू शकतात. त्यांना पाळी समजलं की गरोदरपण महिनाभर लक्षात येत नाही. तोवर इतर औषधं चालूच असतात, आणि गर्भ ठेवायचा नसेल तर सोपा वेळ हातचा निघून जातो.

आता पपईविषयी. पिकलेल्या पपईने काही होत नाही. कच्च्या पपईच्या चिकात मात्र गर्भाशयाचे स्नायू आकसवणारी द्रव्यं असल्याचं उंदरांच्या गर्भाशयावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण स्नायू आकसणं म्हणजे पाळी येणं नव्हे. अस्तर सुटायला तयार नसताना कळा आल्या तर दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. आणि गर्भ असताना रक्तस्राव सुरू झालाच तर तो अर्धवट राहू शकतो. आत राहिलेल्या भागामुळे रक्त थांबत नाही, किंवा ताप येतो आणि जंतुसंसर्ग होतो. शिवाय एका फळात चीक किती आहे हे कुणालाच मोजता येत नाही. काहींना त्याची तीव्र ॲलर्जीही असते.

स्वयंपाकघरातले उपाय चालले नाहीत की पाऊल जडीबुटीकडे वळतं. काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, हा त्यातला नेहमीचा. तो जबरदस्त रेचक आहे. आतड्याला पिळे पडतात, जुलाब होतात, पाणी आणि क्षार निघून जातात. बाईला वाटतं, पाळीच्या कळा सुरू झाल्या, प्रत्यक्षात कळा येतात त्या आतड्याला. दालचिनी चिमूटभर मसाल्यात ठीक, पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असतं आणि रोज मोठ्या प्रमाणात गेलं तर ते यकृताला त्रास देतं. लेबल नसलेल्या चूर्णात तर काय काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात शिसं किंवा पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्याही अशाच. नलिकेतल्या गर्भावर त्या चालत नाहीत, वर लागणाऱ्या रक्ताने मात्र ‘काम झालं’ असा समज होतो.

म्हणून तारीख उलटली, आणि गरोदर असण्याची थोडीही शक्यता असली, तर पहिलं काम काढ्याचं नाही, तपासणीच्या पट्टीचं. ती औषधाच्या दुकानात मिळते आणि ‘निश्चय’ किट आशाताईंकडून मिळतं. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकायचे आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं. दोन रेघा म्हणजे गर्भ आहे. एकच रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासायचं. दोन रेघा आल्यावर दुखणं किंवा डाग असले तर त्याच दिवशी सोनोग्राफीसाठी दवाखाना गाठायचा. गर्भ नको असेल तर कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरकडे गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरच्या बाईला त्यासाठी फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची नाही, आणि लग्न झालेलं असण्याची अटही नाही.

गर्भ नसेल आणि तीन महिने पाळीच आली नाही, तर थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि पीसीओएस यांची तपासणी होते. डॉक्टर गरजेप्रमाणे प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्यांचा पाच-दहा दिवसांचा कोर्स देतात. गोळ्या थांबल्या की पातळी उतरते आणि साधारण आठवड्याभरात रक्तस्राव सुरू होतो. पाळी आणणारा उपाय याच वाटेने चालतो, आणि तोही गर्भ नसल्याची खात्री करून घेतल्यावरच देतात.