'त्यांनीच'मधला 'नीच'

आक्षेपार्ह शब्दांची एक यादी संगणकाला द्यायची आणि त्यांतला शब्द दिसला की तो संदेश अडवायला सांगायचे, इतकी सोपी गाळणी कुणीही सुचवील. इंग्रजीसाठी ती बरी-वाईट चालतेही. मराठीत मात्र ती कुठे अडखळते, हे समजण्यासाठी आपण एकच शब्द घेऊ: नीच. शिव्यांच्या यादीत तो सौम्यच, पण छापता येण्याजोगा!

संगणकाला अर्थ कळत नाही. त्याला दिसतात चिन्हे. 'नीच' म्हणजे न, दीर्घ वेलांटी आणि च अशी तीन चिन्हे ओळीने. हीच तीन चिन्हे 'त्यांनीच', 'मुलांनीच', 'राजधानीच्या', 'कंपनीचा' यांतही ओळीने येतात. म्हणजे 'हा प्रयोग मुलांनीच केला' असे कौतुकाने लिहिणाऱ्या शिक्षिकेचा संदेश अडेल. मराठीत प्रत्यय आणि 'च' शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे अशी वाक्ये पावलोपावली सापडतात.

मग पूर्ण शब्दच जुळवावा, असे वाटेल. पायथन या भाषेत शब्दाची सीमा `\b` या खुणेने दाखवतात. तिने हे करून पाहा:

```
import re
print(re.search(r"\bनीच\b", "त्यांनीच"))
```

'त्यांनीच'मध्ये 'नीच' हा स्वतंत्र शब्द सापडला, असेच उत्तर येते! कारण ही खूण अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते. काना, वेलांटी, अनुस्वार यांना नाही. 'त्यां'वरच्या अनुस्वारापाशी तिच्या लेखी शब्द संपतो आणि 'न'पासून नवा सुरू होतो. यावर उपाय म्हणजे ही खूण सोडून, मोकळी जागा आणि विरामचिन्हे यांवरून आपणच शब्द वेगळे करणे.

तरी पूर्ण शब्द जुळवून भागत नाही, कारण 'नीचांनो', 'नीचपणा' हे सुटून जातात. म्हणून शब्दाची सुरुवात तेवढी पाहावी. आता 'त्यांनीच' सुटला आणि 'नीचपणा' सापडला. पण तापमानाचा 'नीचांक'ही सापडला! शिवाय पुष्कळजण 'निच' असे ऱ्हस्व लिहितात. त्यासाठी ऱ्हस्व-दीर्घ एकच मानावे, तर शेतातल्या पाण्याचा 'निचरा' अडकतो. असे शब्द अपवादांच्या वेगळ्या यादीत घालावे लागतात, आणि ती यादी माणसानेच वाचून वाढवायची असते.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना ठरलेले शुद्धलेखनच नसते. `nich`, `neech`, `niich`, `NEEEECH` ही सगळी एकाच शब्दाची रूपे. त्यांची यादी करत बसण्यापेक्षा सगळ्यांना एका साच्यात आणणे सोयीचे: आधी सगळी अक्षरे लहान करायची, मग लागोपाठ आलेल्या `e` किंवा `i` यांच्या जागी एकच `i` ठेवायचा. चारही रूपांचे `nich` होते. पण आता विज्ञानाच्या शिक्षकांनीच सावध राहावे, कारण प्रयोगशाळेतली `nichrome` ची तार याच चार अक्षरांनी सुरू होते! हिंदीतले `neeche`, म्हणजे 'खाली', हेही साच्यातून `niche` होऊन बाहेर पडते आणि अडते. मराठी, हिंदी, इंग्रजी यांची सरमिसळ असलेल्या लिखाणात हे टळणे कठीण.

चुकवणाऱ्यांच्याही युक्त्या असतात. कुणी 'नी च' असे तोडून लिहितो. म्हणून मोकळ्या जागा काढून शोध घेतला, तर 'त्यांनी चहा घेतला' हे निरुपद्रवी वाक्य शिवी ठरते. आमच्या मते ही युक्ती सुटू द्यावी. ती पकडण्याची किंमत फार आहे.

ही किंमत मोजायची कशी? समजा, १००० संदेशांपैकी ३० खरोखर अपमानकारक आहेत. गाळणीने ७२ अडवले आणि त्यांत त्या तिसांपैकी २४ निघाले. म्हणजे दहांपैकी आठ अपमान पकडले गेले, पण अडवलेल्या दर तीन संदेशांपैकी दोन निर्दोष होते. फक्त पहिला आकडा सांगणाऱ्याला दुसरा जरूर विचारावा. आणि अशा गाळणीने संदेश पुसून टाकू नये. माणसाने पाहीपर्यंत बाजूला ठेवावा. 'तो मला नीच म्हणाला' अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीचा आवाजच बंद झाला, तर गाळणी कोणासाठी होती?

उलट, 'तुमच्यासारख्यांना वर्गात घेऊ नये' या वाक्यात यादीतला एकही शब्द नाही. त्यासाठी संपूर्ण वाक्ये माणसांकडून वर्गवारी करून घ्यावी लागतात. २०२२ साली पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 'महाहेट' या नावाने २५,००० हून अधिक मराठी ट्वीटचा असा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि यांपैकी काहीच नसलेली असे चार वर्ग आहेत. त्यावर शिकवलेला संगणक शब्दाबरोबर त्याचा शेजारही पाहतो.