एका लेखाच्या तीन बैठका

फड पद्धतीवर लेख लिहायचा होता. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर लोकांनी बंधारे घालून, पाट काढून, शेकडो वर्षं आपापसात पाणी वाटून घेतलं, ती ही पद्धत. माझ्याकडे वहीभर टिपणं होती. दोनदा जाऊन आले होते, पाट चालून पाहिला होता. लेख साधारण पंधराशे शब्दांचा हवा होता. रात्री साडेनऊला बसले आणि अकरा वाजता माझ्यासमोर एकच वाक्य होतं. ते सात वेळा खोडून पुन्हा लिहिलेलं होतं, आणि त्यातला 'प्राचीन' हा शब्द योग्य आहे का, यावर मी अडले होते.

त्या दीड तासात मी नेमकं काय करत होते, ते नंतर कागदावर मांडून पाहिलं. लेखाची सुरुवात नदीपासून करावी की माणसापासून, हे ठरवत होते. हे आराखड्याचं काम. त्याच वेळी वाक्य जुळवत होते. हे खर्ड्याचं काम. आणि तेव्हाच शब्द बरोबर आहे का, तेही तपासत होते. हे संपादनाचं काम. यातलं कुठलंच काम दुसऱ्याला पुढे जाऊ देत नव्हतं. लेख कुठे जाणार हे ठरलेलं नसताना पहिलं वाक्य चांगलं की वाईट हे कशावरून ठरवणार? ते ठरवण्यासाठी माप नव्हतं, म्हणून दरवेळी ते वाईटच वाटत होतं.

तेव्हापासून मी ही तीन कामं तीन वेगळ्या बैठकांत करते. शक्य असेल तर तीन वेगळ्या दिवशी. प्रत्येक बैठकीतून काय बाहेर पडायला हवं, हे आधी ठरलेलं असतं, आणि ते मिळालं की उठायचं.

पहिली बैठक आराखड्याची. ती मी संगणकावर करत नाही. पाठकोरा कागद, पेन्सिल आणि जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली: मुद्द्यांची नावं लिहून आराखडा होत नाही. माझ्या पहिल्या कागदावर 'इतिहास', 'रचना', 'पाणीवाटप', 'आजची स्थिती' असे चार शब्द होते. दिसायला तो आराखडा होता, पण दुसऱ्या दिवशी 'पाणीवाटप' या शब्दाकडे पाहून लिहायचं काय, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागलं. कोरा कागद तसाच राहिला होता, फक्त त्याचे चार तुकडे झाले होते.

मग मी शब्दांच्या जागी प्रश्न लिहिले. 'पाणी मोजायचं यंत्र नव्हतं, तरी वाटप कसं जमायचं?' 'शेतकरी स्वतः पाणी का घेत नाही?' 'एका फडात सगळ्यांनी एकच पीक का घ्यायचं?' 'नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोण कशावर पाणी सोडतं?' प्रश्नासमोर बसलं की उत्तर द्यावंसं वाटतं, आणि उत्तर म्हणजेच परिच्छेद. सात प्रश्न झाले. ते सात चिठ्ठ्यांवर उतरवून टेबलावर मांडले आणि क्रम बदलून पाहिला. 'एकच पीक का' हा प्रश्न पाणीवाटपाच्या आधी आला, तेव्हा पुढचं सगळं आपोआप रांगेत बसलं, कारण पिकाशिवाय वाटपाचा उलगडा होत नव्हता. दोन चिठ्ठ्या बाजूला काढल्या. त्यांच्या उत्तराला पुरेल एवढी टिपणं माझ्याजवळ नव्हती. हे लिहायला बसायच्या आधी कळलं, हा या बैठकीचा मोठाच लाभ.

दुसरी बैठक खर्ड्याची. ही निदान एक झोप झाल्यावर. पाऊण तास, आणि समोर फक्त चिठ्ठ्या. टिपणांची वही दुसऱ्या खोलीत. वही जवळ असली की दर दोन ओळींनी ती उघडावीशी वाटते आणि एकेका आकड्यामागे दहा-दहा मिनिटं जातात. त्याऐवजी जिथे माहिती हवी तिथे तीन प्रश्नचिन्हं टाकायची आणि पुढे जायचं. संपादनाच्या वेळी `???` शोधलं की सगळ्या फटी एका रांगेत सापडतात. हाताने लिहिणाऱ्यांनी दोन बोटं जागा सोडावी.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक वेगळी ओढ असते. बोटं चालत असतानाच डोळा ऱ्हस्व-दीर्घाकडे जातो. 'पद्धती'तला 'ती' दुसरा, सामान्यरूपात काय, अनुस्वार द्यायचा की नाही. शाळेत शुद्धलेखनाच्या लाल शाईने लावलेली ही सवय खोल असते. त्यात स्क्रीनवर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली की हात थांबलाच. मी खर्ड्यापुरती ती तपासणी बंद करते. मागे जाऊन खोडायचं नाही, वाक्य फसलं तर तेच पुन्हा दुसऱ्या तऱ्हेने खाली लिहायचं, एवढा एकच नियम पाळते.

पाटकऱ्याविषयीचा माझा खर्डा असा होता: 'मग पाटकरी. हा महत्त्वाचा माणूस. शेतकरी स्वतः पाणी घेत नाही हे आधी सांगायला हवं. पाटकरी देतो. मोबदला धान्यात ??? किती. फडात एकच पीक म्हणून सगळ्यांना पाणी एका वेळी लागतं म्हणजे भांडण कमी. नीट नाही आलं, पण मुद्दा हाच. एका टोकाने सुरू करून भिजवत जातो.' हे कुणाला दाखवण्यासारखं नाही. पण लेखाचा कणा यात आला आहे, आणि यायला चार मिनिटं लागली. पाऊण तासात साधारण सातशे शब्द झाले. उठताना पाचव्या चिठ्ठीचं उत्तर अर्ध्यावर सोडलं, पुढचं वाक्य माहीत असताना. हेमिंग्वे काम असंच थांबवत असे, पुढे काय होणार हे ठाऊक असेल तिथे. दुसऱ्या दिवशी बसताना कोरी जागा समोर येत नाही, अर्धं वाक्य येतं. राहिलेला खर्डा आणखी एका पाऊण तासात संपला.

तिसरी बैठक संपादनाची, आणि ती कागदावर. ओळींत भरपूर अंतर ठेवून छापून घ्यायचं. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी रचना, मग वाक्यं, सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. उलटं केलं तर काय होतं ते मी अनुभवलं आहे: एक परिच्छेद अर्धा तास घासूनपुसून लखलखीत केला, आणि मग लक्षात आलं की तो लेखात नकोच आहे. पण इतकी मेहनत घेतलेला परिच्छेद काढायला हात धजेना. तो राहिला आणि लेख तिथे लंगडला.

रचना तपासायला प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक ओळ लिहायची: हा परिच्छेद काय सांगतो? पोटात काय लिहिलं आहे ते पाहूनच, काय लिहायचं मनात होतं ते नव्हे. मग फक्त समासातल्या ओळी वरून खाली वाचायच्या. माझ्या लेखात तिसरी आणि सहावी ओळ एकच निघाली. दोन्हीकडे सामुदायिक शिस्तीचं कौतुक होतं. सहावा परिच्छेद गेला. आणि सुरुवात म्हणून लिहिलेले दोन परिच्छेदही गेले, कारण लेख खरा सुरू होत होता तो पाटकऱ्यापासून. खर्ड्यातला तो ओबडधोबड तुकडा वर आला आणि असा झाला: 'फड पद्धतीत शेतकरी स्वतः पाटाचं पाणी फोडत नाही. ते काम पाटकऱ्याचं. एका फडात एका हंगामाला एकच पीक असतं, त्यामुळे कुणाच्या वावराला किती पाणी, हा वाद फारसा उरत नाही. पाटकरी एका टोकाने सुरू करतो आणि फड भिजवत जातो.' पहिल्या रात्री सात वेळा खोडलेलं वाक्य लेखात कुठेच नाही. ते शोधत बसले होते तेव्हा लेखाची सुरुवात कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं.

या तिन्ही बैठकांचं वजन सारखं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड केलॉग यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांकडून पत्रं लिहून घेतली होती. ज्यांनी आधी लेखी आराखडा केला त्यांची पत्रं सरस ठरली. पण आधी कच्चा खर्डा करून मग सुधारणाऱ्यांची पत्रं, पहिल्यापासून नीटनेटकं लिहिणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे कच्चं लिहिल्यामुळे लेखन आपोआप चांगलं होतं, असं नाही. ज्याचा हात पहिल्या वाक्यावर अडत नाही, त्याने खर्डा मुद्दाम ओबडधोबड करायची गरज नाही. अडतो त्याला मात्र खर्ड्याची वेगळी बैठक पुढे जाऊ देते. आणि वेळ कमी असेल, एकच बैठक वाचवायची असेल, तर मी आराखड्याची वाचवेन.

आराखड्यातही एक खड्डा आहे. माइक रोझ या अध्यापकाने 1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. त्यांतले पाच लिहिताना अडणारे होते, पाच न अडणारे. अडणाऱ्यांपैकी एका विद्यार्थिनीचा नियम होता की प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात व्याकरणशुद्ध उतरलं पाहिजे. तिचं दुखणं बैठका वेगळ्या केल्याने बरं होण्यासारखं आहे. पण दुसरी एक जण दिवसच्या दिवस आराखडाच करत असे, आणि तो इतका गुंतागुंतीचा होई की त्यातून छोटा निबंध काढणं अशक्य व्हायचं. लिहायला मग काही तासच उरायचे. न अडणाऱ्यांकडेही आराखडे होते, पण ते गरजेप्रमाणे बदलता येणारे होते.

म्हणून मी आराखड्याला चाळीस मिनिटांची मर्यादा घालते. चिठ्ठ्या नवापेक्षा जास्त झाल्या, किंवा एका चिठ्ठीखाली उपमुद्दे आणि त्याखाली आणखी उपमुद्दे सुरू झाले, की समजायचं, आता आराखडा चाललेला नाही, लिहिणं पुढे ढकललं जात आहे. उलट खर्ड्यात सलग दहा मिनिटं हात हलला नाही तर खर्डा रेटत बसायचं नाही. त्या चिठ्ठीवरचा प्रश्न चुकलेला असतो. तेवढी एक चिठ्ठी उचलून प्रश्न बदलायचा आणि परत यायचं. 'आजची स्थिती काय?' या प्रश्नावर मी अशीच थांबले होते. तो बदलून 'पाट कोरडा असेल त्या वर्षी पाटकरी काय करतो?' असा केला, तेव्हा लिहिता आलं.

आणि उद्याच द्यायचं असेल तर? तेव्हा तीन दिवस नसतात, पण तीन जागा असतात. आराखडा स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्याने पेन्सिलीने, खर्डा टेबलावर, मग वीस मिनिटं घराबाहेर, आणि संपादन छापील कागद घेऊन तिसऱ्याच खुर्चीत, मोठ्याने वाचून. एका झोपेइतकं अंतर यात पडत नाही. डोळ्यांना आपलंच वाक्य ओळखीचं वाटत राहतं आणि चुका निसटतात. कान मात्र बऱ्याच चुका पकडतो. वाचताना जिथे श्वास अडकतो तिथे पेन्सिलीने नुसती खूण करायची, थांबून दुरुस्त करायचं नाही, शेवटपर्यंत वाचून मग एकेका खुणेकडे परत जायचं.