पंधरा गुणांचे दीर्घोत्तर

अडीच तासांच्या ७५ गुणांच्या पेपरात पंधरा गुणांच्या उत्तराला तीस मिनिटे येतात. वाचन आणि तपासणी वगळता प्रत्यक्ष लेखनाला जेमतेम पंचवीस. ‘मागणीचा नियम सांगून त्याचे अपवाद स्पष्ट करा’ हा प्रश्न घ्या. आधी पेन्सिलीने मुद्दे टिपावेत: व्याख्या, गृहीतके, तक्ता व आकृती, अपवाद. गाडी बहुधा गृहीतकांतच अडकते. पाठ असलेली दोन पाने भरतात आणि गिफेन वस्तू, प्रतिष्ठेच्या वस्तू शेवटच्या चार ओळींत कोंबल्या जातात. खरे तर प्रश्नाचा निम्मा भार तिथेच असतो. म्हणून बारा मिनिटांत अपवादांवर यावे. वेळ संपलीच, तर उरलेले मुद्दे एकेका वाक्यात लिहून पुढचा प्रश्न घ्यावा.