‘कार्सिनोमा’नंतरचे दोन शब्द

रिसोड तालुक्यातील केनवडहून एक मावशी मुलासोबत ओपीडीत आल्या. मॅमोग्राफीत स्तनात संशयास्पद जागा दिसली होती आणि तिथून सुईने तुकडे घेतले होते. रिपोर्टमध्ये ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’ असे लिहिलेले होते. मुलाने मोबाईलवर फक्त ‘कार्सिनोमा’ शोधला होता. मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, “साहेब, आईजवळ किती दिवस आहेत?” मी दोघांना समोर बसवले आणि कागदावर एक नळी काढली.

स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. नळीच्या आतल्या बाजूला पेशींचे अस्तर असते आणि त्याभोवती एक पातळ पडदा, शेताच्या बांधासारखा. रक्तवाहिन्या बांधापलीकडे असतात. पॅथॉलॉजिस्ट मुख्यतः दोन गोष्टी पाहतो : पेशींचे रूप बिघडले आहे का, आणि त्यांनी बांध ओलांडला आहे का.

‘बिनाइन’ म्हणजे तुकड्यात कर्करोग नाही. ‘एटिपिया’ म्हणजे काही पेशींचे रूप बिघडले आहे, पण तो कर्करोग नव्हे. मात्र पुढे कर्करोग होण्याची शक्यता वाढते, म्हणून लक्ष ठेवावे लागते. ‘इन सिटू’ म्हणजे ‘जागच्या जागी’. पेशी कर्करोगासारख्या आहेत, पण बांधाच्या आतच आहेत. उपचार केले नाहीत तर त्या काहींमध्ये पुढे बांध ओलांडतात. कोणामध्ये, हे आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून उपचार करायचे. बांध ओलांडला असेल तर रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेझिव्ह’ हा शब्द येतो. मावशींच्या रिपोर्टमध्ये तो नव्हता.

तरी मी मुलाला “काहीच नाही” असे म्हटले नाही. सुईने शेतातली मूठभर मातीच तपासली जाते. शेजारी बांध फुटलेला असू शकतो. म्हणून सुईच्या तुकड्यात ‘इन सिटू’ आढळले तर तो सगळा भाग काढून तपासतात. ‘एटिपिया’ आढळला तरी बहुधा तोच सल्ला दिला जातो. ‘बिनाइन’ लिहिले असेल, पण मॅमोग्राफी किंवा हाताला लागणारी गाठ संशयास्पद असेल, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. तेव्हा रिपोर्ट फाईलमध्ये ठेवून घरी न जाता पुन्हा तपासणी करायला सांगा.

मावशींचे ऑपरेशन झाले. काढलेल्या पूर्ण भागात कुठेही बांध फुटलेला नव्हता आणि कडाही स्वच्छ होत्या. स्तन राखल्यामुळे रेडिएशन दिले. केमोथेरपीची गरज पडली नाही.

पुढच्या वेळी मुलगा आला तेव्हा रिपोर्टमधल्या ‘इन सिटू’खाली त्याने पेनाने रेघ ओढलेली होती.