बहिणीची नोटीस आली, आता?

अब्बांच्या इंतकालानंतर सोसायटीने फ्लॅट नॉमिनी भाईच्या नावावर केला. दोन वर्षांनी धाकट्या बहिणीच्या वकिलाची नोटीस आली. भाई म्हणतो, "नॉमिनी मी, म्हणजे मालकही मीच." आपल्याकडे गल्लत होते ती इथेच. नॉमिनी फक्त वारसांच्या वतीने सांभाळतो. मालकी विरासतीने ठरते.

समजा मागे अम्मी, एक भाऊ, दोन बहिणी आहेत. दादा-दादी हयात नाहीत. कर्ज फेडून फ्लॅटचे ३२ भाग करा: अम्मीचे ४, भावाचे १४, प्रत्येक बहिणीचे ७. फ्लॅट ६४ लाखांचा असेल तर बहिणीचे १४ लाख. लग्नात दिलेल्या जहेजने ते कमी होत नाहीत. "तिने तोंडी हक्क सोडला होता" हेही चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे, पण गप्प बसलात तर पुढचं पाऊल वाटपाचा दावा. आम्ही सांगू, मुदतीत उत्तर द्या: हिस्सा मान्य, रक्कम हप्त्याने देतो.