59 रुपयांतले 35

यूट्यूबवर आवडत्या चॅनेलखाली ‘जॉइन’चं बटण दिसतं. ते दाबलं की दरमहा ठरलेली वर्गणी जाते आणि आपण त्या चॅनेलचे सभासद होतो. हे पैसे थेट त्या कलाकाराच्या खिशात जातात, असा बहुतेकांचा समज असतो. वाटेत काय काय कापलं जातं, ते पाहू.

समजा, साताऱ्यातल्या एका पेटीवादन शिक्षकाने सभासदत्व 59 रुपयांना ठेवलं. या किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला असेल, तर आधी 9 रुपये तो जातो आणि उरतात 50. यूट्यूबचा वाटा 30 टक्के, म्हणजे 15 रुपये. शिक्षकाचे 35. आयफोनच्या अॅपमधून सभासद झालेल्यांच्या बाबतीत अॅपलचं शुल्कही कापलं जातं, त्यामुळे शिक्षकांनी आपल्या श्रोत्यांना शक्यतो ब्राउझरमधून सभासद व्हायला सांगावं. एवढ्या एका सूचनेने दरमहा खरोखर फरक पडतो.

80 जण सभासद झाले तर महिन्याला 2,800 रुपये जमतात. पण जमणं आणि हातात पडणं वेगळं. गूगलच्या अॅडसेन्स खात्यात 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. डॉलर 85 रुपये धरला तर 8,500 रुपये झाले. तीन महिन्यांत जमतात 8,400. शंभर रुपये कमी पडले, म्हणून सगळी रक्कम पुढच्या महिन्यात ढकलली जाते. चौथ्या महिन्यात टप्पा ओलांडला, की पैसे त्याच्या पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात. म्हणजे जानेवारीत सुरुवात केलेल्याला पहिली रक्कम मेच्या अखेरीस दिसते. जाहिरातींचं उत्पन्नही त्याच खात्यात साठत असेल तर टप्पा लवकर गाठला जातो. शिवाय खात्यात 10 डॉलर झाले, की गूगल पत्ता तपासायला टपालाने पिन पाठवतं. तो पिन भरेपर्यंत पैसे अडकून राहतात. भाड्याचं घर बदलताना जुना पत्ता खात्यात तसाच राहतो, आणि पत्र तिकडेच जातं.

परदेशातल्या मराठी श्रोत्यांसाठी काही जण 2013 साली सुरू झालेल्या पेट्रिऑनवर पान काढतात. ऑगस्ट 2025 पासून तिथे नव्या पानांना 10 टक्के कमिशन आहे आणि व्यवहाराचं शुल्क वेगळं. अमेरिकी कार्डावर ते साधारण 2.9 टक्के अधिक 30 सेंट पडतं. पाच डॉलरच्या वर्गणीत कमिशनचे 50 आणि शुल्काचे 45 सेंट धरून जवळपास एक डॉलर गेला. ते 30 सेंट ठरावीक असल्यामुळे वर्गणी जितकी लहान, तितका त्यांचा भार जास्त. डिसेंबर 2017 मध्ये पेट्रिऑनने असं शुल्क थेट वर्गणीदारांवर टाकायचं ठरवलं, तेव्हा एक-दोन डॉलर देणारे इतके दुखावले, की कंपनीला काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

आता वरच्या लेव्हलकडे वळू. माझ्या मते खरी गफलत इथेच होते. आपल्या शिक्षकाने 159 रुपयांची दुसरी लेव्हल काढली. त्यांच्या वाट्याला साधारण 94 रुपये येतात. कबूल काय केलं? प्रत्येकाने आपलं वादन रेकॉर्ड करून पाठवायचं, सर ते ऐकून दुरुस्त्या सांगणार. एका विद्यार्थ्याला वीस मिनिटं लागतात. पंधरा जण झाले की पाच तास, मिळकत 1,410 रुपये, म्हणजे तासाला 282. सभासद वाढले तरी हा दर तसूभरही वाढत नाही, फक्त सरांचे तास वाढतात. याउलट महिन्यातून एकदा दीड तासाचा लाइव्ह क्लास घेतला, तर पंधरा जण असोत की साठ, मेहनत तेवढीच. म्हणून दर लावताना आधी विचारावं, की माणूस वाढला तर काम वाढतं का? वाढत असेल, तर ती सवलत सर्वांत महागड्या लेव्हललाच ठेवावी. पेट्रिऑनवर एका लेव्हलला किती जण घ्यायचे, याची मर्यादा घालता येते. अशा वैयक्तिक शिकवणीला ती घालावीच.

खालच्या लेव्हलच्या सगळ्या सवलती यूट्यूबवर वरच्यांना आपोआप मिळतात. त्यामुळे 59 रुपयांतच खूप देऊन टाकलं, तर 159 द्यायला कारण उरत नाही. प्रत्यक्ष एकट्याने भेटणं किंवा लकी ड्रॉ अशा गोष्टी यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत.

सभासद गळू लागले, तर लगेच स्वतःच्या कामाला दोष देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या नियमांनुसार दरमहा आपोआप होणाऱ्या कपातीला आधी मंजुरी घ्यावी लागते आणि प्रत्येक कपातीपूर्वी 24 तास आधी बँकेचा संदेश येतो. कार्ड बदललं किंवा मंजुरी अडली, की माणूस नकळत बाहेर पडतो. यूट्यूब स्टुडिओत किती जण आले आणि किती गेले, ते दिसतं. गळती महिनाभर विखुरलेली असेल, तर पैसे न कापले जाणं हे कारण असू शकतं. कबूल केलेला क्लास लांबला त्याच आठवड्यात एकदम दहा जण गेले असतील, तर आधी तो क्लास घ्यावा.